ताप आलेल्या मुलांकडे चिठ्ठी मागू नका

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवणाऱ्या माझ्या मराठी सहकाऱ्यांनो,



फेब्रुवारीतल्या एका बुधवारी रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी मला एक ईमेल आला. असाइनमेंटची मुदत त्याच रात्री ११:५९ ला संपत होती. पाठवणारी मुलगी नाशिकची. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करते आणि माझा न्यूरोसायन्सचा कोर्स तिने ऐच्छिक विषय म्हणून घेतला होता. ईमेल इंग्रजीत होता, त्याचा आशय मराठीत सांगते. 'आदरणीय मॅडम, मला सोमवारपासून ताप आहे, आज १०२.४ होता. असाइनमेंट थोडी राहिली आहे, म्हणजे अर्धी झाली आहे. थोडा वेळ मिळेल का? त्रासाबद्दल माफ करा. डॉक्टरांकडे गेले नाही, त्याबद्दलही माफ करा. हवं असेल तर उद्या जाऊन सर्टिफिकेट आणते.' किती दिवस हवेत ते लिहिलेलं नव्हतं. कुठली असाइनमेंट तेही नव्हतं. माफी मात्र दोनदा होती. आणि एवढं लिहून झाल्यावर, माझं उत्तर न पाहता, ११:५७ ला तिने जेवढं झालं होतं तेवढं कॅन्व्हसवर चढवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हा ईमेल मी नाव झाकून आपल्यातल्या तिघांना दाखवला. 'शेवटच्या अठरा मिनिटांत ताप आठवतो का?' असं एकांनी विचारलं. दुसऱ्या म्हणाल्या, 'सोमवारपासून ताप होता तर सोमवारीच का नाही लिहिलं?' तिसऱ्यांचा सल्ला होता की सर्टिफिकेट मागाच, नाहीतर सगळा वर्ग मागे लागेल. तिघंही मनाने चांगले शिक्षक आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हे दोन प्रश्न आणि हा सल्ला मला तेव्हापासून छळताहेत, कारण त्यांची उत्तरं आपल्यापैकी काहीजण दर सत्रात फळ्यावर लिहून शिकवतात. म्हणून हे पत्र.

आधी त्या अर्ध्या असाइनमेंटबद्दल. पहिला प्रश्न नेहमीचा होता. पेशीबाहेर पोटॅशियम ५ मिलीमोल, आत १४०, शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सियस, तर पोटॅशियमचं समतोल विभव काढा. नर्न्स्टचं समीकरण वापरायचं, बाहेरच्या प्रमाणाला आतल्या प्रमाणाने भागायचं, लॉगॅरिदम घ्यायचा आणि साधारण ६१.५ ने गुणायचं. उत्तर उणे ८९ मिलीव्होल्ट. तिने भागाकार उलटा केला होता, आतलं भागिले बाहेरचं, आणि उत्तर अधिक ८९ लिहिलं होतं. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. ज्याने हा विषय आठवडाभर जरी वाचला आहे त्याला अधिक ८९ पाहताच खटकायला हवं, कारण पोटॅशियमची दारं उघडली की पेशी आतून जास्त ऋण होते, इथूनच तर सगळं सुरू होतं. या मुलीने दोन आठवड्यांपूर्वी वर्गात हेच गणित फळ्यावर येऊन सोडवलं होतं आणि शेजारच्या मुलाला चिन्ह का उणे येतं ते समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या प्रश्नात तिने तीन ओळी लिहून वाक्य मध्येच सोडलं होतं.

त्याच समीकरणात तापमानाची जागा असते, म्हणून मी एक गोष्ट करून पाहिली. तिचा ताप, १०२.४ फॅरनहाइट म्हणजे साधारण ३९.१ सेल्सियस, त्यात घातला. उत्तर उणे ८९.१ च्या जागी उणे ८९.७ आलं. अर्ध्या मिलीव्होल्टहून थोडा जास्त फरक. म्हणजे तापाने तिच्या पेशींचं हे विभव जवळजवळ हललंच नव्हतं. तिचं डोकं चाललं नाही याचं कारण उष्णतेत शोधून भागणार नाही. ते दुसरीकडे आहे, आणि तेच आपण विसरतो.

आजारी जनावर कोपऱ्यात जाऊन पडतं, खात नाही, अंग चाटत नाही, कळपात मिसळत नाही. गोठ्यात वावरलेल्या कुणालाही हे माहीत आहे. गाईने वैरणीला तोंड लावलं नाही की घरातली म्हातारी माणसं तिला ताप असणार हे आधी ओळखायची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली एका लेखात असं मांडलं की ही निव्वळ अशक्तता नाही. शरीराने मुद्दाम आखलेला हा बेत आहे. ताप चढवायला शक्ती लागते, ती वाचवण्यासाठी मेंदू बाकीची सगळी कामं नकोशी करून टाकतो. पुढे रोबेर दांत्झर आणि इतरांनी त्याचे मार्ग शोधले. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ सारखे निरोप्ये रेणू सोडतात. त्यांतला काही निरोप रक्तातून मेंदूच्या उंबरठ्यापर्यंत जातो, काही व्हेगस नसेतून वर जातो. तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात तापाचा काटा वर सरकतो. त्याच निरोपाने भूक जाते, झोप येते, आणि उमेद जाते.

फ्लूच्या बाबतीत तर २०२३ साली हार्वर्डच्या एका गटाने उंदरांमध्ये फारच नेमकी गोष्ट दाखवली. घशाच्या मागे पसरलेल्या नवव्या कपालनसेतले थोडेसे न्यूरॉन संसर्गाच्या जागचं प्रोस्टाग्लँडिन ओळखतात आणि मेंदूला कळवतात. ते न्यूरॉन काढून टाकले, तर फ्लू झालेले उंदीर पहिल्या टप्प्यात खात-पीत, हिंडत राहिले. विषाणू होताच, पण त्याची बातमी वर पोचली नव्हती. म्हणजे आजारीपण म्हणून आपल्याला जे जाणवतं ते विषाणूने थेट केलेलं नसून मेंदूने दिलेला हुकूम असतो. आणि 'मनाने घेतलं तर उठता येईल' असं ज्या मनाला आपण सांगत असतो, तो हुकूम त्या मनावरच बजावलेला असतो.

माणसांवरही प्रयोग झाले आहेत. निरोगी माणसांना जिवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन अगदी थोड्या मात्रेत टोचतात. काही तासांपुरती संसर्गासारखी स्थिती तयार होते आणि मग उतरते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात वीस पुरुषांची मनःस्थिती खालावली आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतले गुणही उतरले. नंतरच्या प्रयोगांत बुद्धीच्या चाचण्यांवरचा परिणाम कधी दिसला, कधी नाही. हे मी लपवत नाही, कारण माझा मुद्दा त्यातूनच पक्का होतो. समोर बसवून, घड्याळ लावून, दहा मिनिटांची चाचणी दिली तर आजारी माणूस जोर लावून ती पार पाडू शकतो. मन उतरणं, माणसं नकोशी होणं, काही सुरूच करावंसं न वाटणं, हे मात्र प्रयोगामागून प्रयोगात दिसत राहिलं. आजारात सगळ्यांत आधी जाते ती कामाला हात घालण्याची शक्ती.

आता सोमवारी का लिहिलं नाही, या प्रश्नाकडे परत या. ईमेल लिहिणं हेही हात घालण्याचंच काम आहे. पुढचे तीन दिवस कसे जातील याचा अंदाज करायचा, किती काम उरलंय ते मोजायचं, आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला काय वाटेल याचा विचार करायचा, मग शब्द जुळवायचे. आपण ज्याला नियोजन म्हणतो ते सगळं त्यात आलं. सोमवारी ताप आलेल्या माणसाला वाटतं, उद्या उतरेल. मंगळवारी क्रोसिन घेतली की दोन-तीन तास बरं वाटतं आणि बुधवारी संध्याकाळी बसून करून टाकू असा हिशेब होतो. गोळीचा असर संपतो, रात्र होते, मुदत समोर येते, आणि तेव्हा कुठे भीती आळसावर मात करते. मी 'आळस' लिहिलं, पण शब्द चुकला. सुस्ती म्हणायला हवं, आणि ती शरीराने आणलेली सुस्ती. ११:४१ चा ईमेल बेफिकीर मुलीचा असेल असं तुम्हाला वाटलं. मला तो आजारी मुलीचा ईमेल जसा असायला हवा तसाच वाटतो. उलट सोमवारी सकाळी नीट परिच्छेद पाडून, तारीख सुचवून, पुरावा जोडून ईमेल आला असता तर मी तो थोडा अधिक काळजीपूर्वक वाचला असता.

आता सर्टिफिकेट. इथे मला आपल्या मराठी शिक्षकांशी स्पष्ट बोलायचं आहे, कारण अमेरिकेतल्या बाकीच्या सहकाऱ्यांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे. आपण सगळे पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या नियमाखाली शिकलो. हजेरी कमी भरली की कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांकडे जायचं. ते काकांच्या ओळखीचे. लेटरहेडवर विषाणूजन्य ताप, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, विश्रांतीचा सल्ला, खाली सही-शिक्का. कधी खरोखर ताप आलेला असायचा, कधी नसायचा, कागद दोन्ही वेळा सारखाच असायचा. त्या कागदाने काही सिद्ध होत नाही, हे आपण वयाच्या अठराव्या वर्षी शिकलो आहोत. मग पंचवीस वर्षांनी इथल्या सिलॅबसमध्ये तीच ओळ कशी काय लिहितो?

आणि इथे तो कोपऱ्यावरचा डॉक्टरही नाही. अनेक विद्यापीठांची आरोग्य केंद्रं साध्या आजारासाठी गैरहजेरीची चिठ्ठी देतच नाहीत, त्यांच्या नियमावलीत तसं लिहिलेलं असतं. मग मुलगा अर्जंट केअरला जातो. विमा चालतो का ते आधी बघायचं, को-पे भरायचा, गाडी नसली तर उबरचे पैसे, आणि खोकणाऱ्या माणसांत बसून राहायचं. फ्लू झालेल्या बहुतेक तरुण, धडधाकट माणसांना डॉक्टरची गरज नसते, घरी राहा, इतरांत मिसळू नका, हाच इथल्या सीडीसीचा सल्ला आहे. ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास होईपर्यंत बाहेर पडू नका, असंही ते सांगतात. आपली चिठ्ठीची ओळ त्याच्या बरोबर उलट सांगते.

मी स्वतः हे केलं आहे. काही वर्षांपूर्वी, आजच्यापेक्षा कमी अनुभव असताना, अशाच एका ईमेलला मी एका ओळीचं उत्तर दिलं होतं की डॉक्टरची चिठ्ठी जोडावी. मुलगा विदर्भातला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठी आली. तिच्यावर त्याच्या आजाराचं नाव होतं, दोन औषधांची नावं होती, आणि यांतलं एक औषध असं होतं की त्याला मानसिक आजारासाठी उपचार चालू आहेत हे मला कळलं. त्याने ते मला कधी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. मी विचारलं होतं तापाबद्दल. तो कागद माझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडला. आजाराच्या माहितीची गुप्तता राखणारा 'हिपा' हा १९९६ चा कायदा दवाखान्यांना आणि विमा कंपन्यांना लागू होतो, माझ्या इनबॉक्सला नाही. विद्यापीठातल्या नोंदींना १९७४ चा 'फर्पा' आहे, पण एकदा वाचलेलं मी विसरणार कशी? त्या मुलाला पुढे वर्गात पाहताना मी थोडी जास्त सांभाळून बोलायला लागले आणि त्याला ते कळलं असणार. मी त्याची माफी मागितली ती फार उशिरा, तो पदवी घेऊन गेल्यानंतर. त्या सत्रानंतर मी चिठ्ठीची ओळ काढून टाकली.

तुमची भीती मला ठाऊक आहे. खोटं बोलतात त्याचं काय? बोलतात काही. आपल्या पेशात त्याचे विनोदही चालतात. ईस्टर्न कनेक्टिकट स्टेट युनिव्हर्सिटीच्या माइक अॅडम्स यांनी १९९० साली परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या आज्या मरतात असा एक विनोदी 'अभ्यास' लिहिला होता, तो अजून स्टाफरूममध्ये खऱ्यासारखा सांगितला जातो. आपल्या मुलांच्या आज्या साताऱ्याला, अकोल्याला खरोखर जातात, आणि त्यांना अंत्यदर्शनालाही पोचता येत नाही. तेव्हा हा विनोद आपल्या तोंडी शोभत नाही. पण हिशेबाची गोष्ट हिशेबाने बोलू. माझ्या कोर्सला बारा असाइनमेंट आहेत, त्यांतली सर्वांत कमी गुणांची एक गळते. खोटं बोलून मुदतवाढ घेणाऱ्याला काय मिळतं? तीन दिवस. आणि खरं बोलणाऱ्याला चिठ्ठी मागून आपण काय घेतो, ते वर सांगितलं. या दोन चुकांपैकी कुठली करायची हे मी ठरवलं आहे.

मुदतवाढ सगळीकडे चालत नाही, हेही तितकंच खरं. ज्या आठवड्यात मी उत्तरं प्रसिद्ध करते त्यानंतर तीच गणितं स्वीकारता येत नाहीत. प्रयोगशाळेत झुरळाच्या पायातल्या नसेवर इलेक्ट्रोड लावून नोंदी घ्यायच्या असतात, तो तास बुडाला की बुडाला. तिथे दुसऱ्या गटाच्या नोंदी देऊन फक्त विश्लेषण करून घ्यावं लागतं. गटाने करायच्या कामात एकाची मुदत वाढवली की तिघांचं अडतं. म्हणून मी असं म्हणत नाही की नियमच नको. मी म्हणते, नियम आधी लिहा आणि त्यात आजारी माणसाला करावं लागणारं काम कमीत कमी ठेवा.

माझ्या सिलॅबसमध्ये आता असं आहे: आजारी असाल तर मुदतीपूर्वी किंवा मुदतीनंतर चोवीस तासांच्या आत 'आजारी आहे' एवढे दोन शब्द पाठवा, बहात्तर तास मिळतील, कारण सांगू नका, कागद जोडू नका. मुदतीनंतरचे चोवीस तास मी मुद्दाम ठेवले आहेत. ज्याला ११:५९ ला खरंच झोप लागली असेल त्याच्यासाठी ते आहेत. आणि 'किती दिवस हवेत?' असं मी उलट विचारत नाही. ताप असलेल्या माणसाला ते सांगता येत नाही. तो घाबरून कमी सांगतो आणि मग दुसरा ईमेल लिहायची वेळ येते. त्या बुधवारी मी ११:५० ला उत्तर दिलं होतं: 'शनिवारी रात्री ११:५९ पर्यंत दे. आत्ता झोप. सर्टिफिकेट नको.' तिने ते सकाळी वाचलं.

इथे एक कामाची गोष्ट, कारण चांगल्या मनाने दिलेली मुदतवाढ कितीदा तरी यंत्रात अडकते. कॅन्व्हसमध्ये असाइनमेंटला देय तारीख वेगळी असते आणि ती बंद होण्याची तारीख वेगळी. आपण एका विद्यार्थ्याची देय तारीख पुढे ढकलतो आणि बंद होण्याची तशीच ठेवतो. मुलगा रविवारी काम घेऊन येतो तर दार बंद. दुसरी चूक याच्या उलट. आपण ईमेलमध्ये 'चालेल' लिहितो आणि कॅन्व्हसमध्ये काहीच बदलत नाही. उशिरा आल्याबद्दल रोज टक्के कापायचा नियम लावलेला असेल तर यंत्र शांतपणे गुण कापत राहतं. मुलांना ते दिसतं आणि 'मॅडमचा विचार बदलला असेल' असं समजून ती गप्प बसतात. आपली मुलं तर विचारतच नाहीत. म्हणून हो म्हटलंत की त्याच मिनिटाला त्या विद्यार्थ्याच्या दोन्ही तारखा बदला. एवढं तरी त्यांच्यावर सोपवू नका.

ताप उतरतो. पण काही ईमेल दुसऱ्यांदा येतात, तिसऱ्यांदा येतात. महिन्यात दोनदा मायग्रेन, किंवा रात्र-रात्र झोप नाही, किंवा फिट. तिथे माझे बहात्तर तास पुरत नाहीत आणि निर्णयही माझा नसावा. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा अपंगत्वाविषयीचा कायदा, यांच्याखाली प्रत्येक विद्यापीठात एक कार्यालय असतं. ते कागद तपासतं आणि शिक्षकाला फक्त काय सवलत द्यायची ते कळवतं, आजाराचं नाव कळवत नाही. आपल्या मुलांना हे कार्यालय आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. 'अपंगत्व' हा शब्द ऐकला की घरी काय सांगू म्हणून ती मागे सरतात. त्यांना मराठीत नीट समजावून सांगणारं माणूस तिथे दुसरं कोण आहे? ते तुम्ही आहात.

आणि एक वाक्य, जे मी आपल्यातल्या अनेकांकडून ऐकलं आहे आणि जे कृपा करून पुन्हा उच्चारू नका: 'जमत नसेल तर कोर्स ड्रॉप कर ना.' अमेरिकन विद्यार्थ्याला हे सांगणं वेगळं. आपला विद्यार्थी एफ-१ व्हिसावर असतो. त्याला पूर्ण वेळ शिकत राहावं लागतं, पदवीच्या वर्गांना सत्राला साधारण बारा क्रेडिट, मास्टर्सला विद्यापीठ ठरवेल तेवढे. आजारपणासाठी त्यातून सूट मिळते, पण ती आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या अधिकाऱ्याने आधी मंजूर केलेली असावी लागते, डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं, आणि एका पदवीच्या पातळीवर सगळी मिळून बारा महिन्यांपर्यंतच मिळते. परवानगी आधी आणि ड्रॉप नंतर. हा क्रम चुकला की ताप उतरेल पण व्हिसाचा दर्जा गेलेला असेल. डॉक्टरचा कागद खरोखर लागतो तो इथे. तीन दिवसांच्या असाइनमेंटसाठी तो मागून आपण मुलांची आणि डॉक्टरांची शक्ती भलत्या ठिकाणी खर्च करतो.

भाषेबद्दलही थोडं बोलायला हवं. 'कृपया आवश्यक ती कार्यवाही करावी', 'आपली आज्ञाधारक', दोनदा माफी, तीनदा आदरणीय. इथले सहकारी असे ईमेल वाचून गोंधळतात, काहींना त्यात लाळघोटेपणा वाटतो. त्यांचा दोष नाही. पण आपण तसं म्हणायचं नाही. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज कसा लिहायचा हे आपल्याला पाचवी-सहावीत शिकवलं, वडिलांची सही घेऊन. ती मुलगी आजारी असताना तिच्या हाताला जे सवयीचं होतं तेच तिने लिहिलं. तिच्या घरी त्या वेळी गुरुवारची सकाळ, सव्वाअकराच्या आसपास, आईचा फोन येऊन गेला असेल, आणि तिने 'बरी आहे' सांगितलं असेल. ज्या खोलीत ती राहते तिथे आणखी तिघीजणी आहेत, त्यांना लागण होऊ नये म्हणून ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होती, हे मला नंतर कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून.

शनिवारी दुपारी चार वाजता तिची असाइनमेंट पुन्हा आली. पहिल्या प्रश्नात बाहेरचं भागिले आतलं, उत्तर उणे ८९. त्याखाली तिने आपण होऊन एक ओळ लिहिली होती: 'बुधवारी मी अधिक लिहिलं होतं, तसं असतं तर पोटॅशियमची दारं उघडल्यावर पेशी शांत व्हायच्या ऐवजी पेटली असती.' दुसरा प्रश्न पूर्ण. अठ्ठावीसपैकी सव्वीस गुण. एका मुलीच्या दोन कागदांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण बुधवारच्या कागदावर गुण दिले असते तर मी पोटॅशियम तपासलं नसतं, ताप तपासला असता.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. शरद सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतं, सिलॅबस जुलैअखेर तयार करायचा असतो, आणि बहुतेकजण मागच्या वर्षीच्या फाइलवर तारखा बदलून तो पाठवतात. या वेळी तारखा बदलताना आजारपणाच्या परिच्छेदापाशी थांबा. त्यातली डॉक्टरच्या चिठ्ठीची ओळ खोडा. तिच्या जागी किती तास मिळतील तो आकडा लिहा.

तुमची,
न्यूरोसायन्स शिकवणारी एक सहकारी